शंकेला जागा : छोट्या थेट सत्राची चिकित्सा, एका मोडी कागदाच्या निमित्ताने

एका कागदावरचे साल वाचताना मी पन्नास वर्षांनी चुकलो होतो. ही चूक ज्या गृहस्थांच्या लक्षात आली त्यांना मोडीचे एक अक्षरही वाचता येत नाही. मी घेतलेल्या एका ऑनलाइन थेट सत्रात त्यांनी ती एका ओळीत विचारली, आणि मला त्या दिवशी त्यांचा प्रश्नच कळला नाही. मी भलतेच उत्तर देऊन पुढच्या ओळीकडे वळलो. प्रस्तुत लेखात ती चूक येईलच, पण लेखाचा विषय तेवढाच नाही. अशी चूक वेळेत सापडावी यासाठी बैठक कशी रचावी लागते, आणि आपण सध्या रचतो त्या बैठकीत ती का सापडत नाही, हा खरा विषय आहे.

२०२० च्या टाळेबंदीत आपल्याकडच्या साहित्यसंस्था, इतिहासमंडळे आणि वाचनालये एकदम पडद्यावर आली. तेव्हापासून मी अशी सत्रे श्रोता म्हणून पुष्कळ पाहिली, काही स्वतः घेतली. त्यांच्याविषयी जे लिहिले जाते ते बहुधा वृत्तान्त असते. कोण बोलले, काय बोलले, किती जण उपस्थित होते, एवढे त्यात येते. एखाद्या वाङ्मयप्रकाराकडे पाहावे तसे या प्रकाराच्या घडणीकडे फारसे पाहिले जात नाही. म्हणून मी येथे एकच उपप्रकार घेतो : अर्ध्या-पाऊण तासाचे, प्रेक्षकांच्या प्रश्नांवर उभे असलेले आणि आपल्याच क्षेत्रातली अनोळखी माणसे भेटावीत म्हणून घेतलेले सत्र. क्षेत्र माझे आहे ते, म्हणजे मोडी कागदांचे वाचन.

कोणत्या सभेचा वारसा

मोडी वाचणाऱ्यांना एकमेकांची गाठ पडणे का आवश्यक आहे, हे आधी सांगायला हवे. कागद एका जागी नाहीत. पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमाल आहेत. कोल्हापूरला, बडोद्याला, दक्षिणेत तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागद आहेत, आणि त्याखेरीज असंख्य घरांतल्या पेट्यांत आहेत. वाचणारे मात्र थोडे आणि विखुरलेले. बहुतेक जण एखाद्या वर्गात मुळाक्षरे शिकतात आणि मग एकटेच वाचत बसतात. एकट्या वाचकाची अडचण अशी, की त्याची चूक त्याला दिसत नाही. मोडीत शब्द तोडून लिहिलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, लेखणी न उचलता ओळ पुढे जाते. त्यामुळे एकदा मनाने एक शब्द धरला की डोळ्यांना तोच दिसत राहतो. दुसऱ्या कोणी ‘हे असे नाही का?’ म्हटल्याशिवाय पहिल्या वाचनातून सुटका नसते.

ही गरज नवी नाही. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली पुण्यात स्थापन झाले. त्याच्या पाक्षिक सभांत लहान टिपणे वाचली जात. कोणाला एक कागद सापडला, एक नाणे मिळाले, एका तारखेचा मेळ बसला, की तेवढेच घेऊन यायचे, जाणत्यांपुढे ठेवायचे आणि शंका ऐकायच्या. टिपण पुढे छापले जाई, तोवर त्यावर चार डोळे फिरलेले असत. दुसरीकडे आपल्याकडे व्याख्यानमालेची परंपरा आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची. तिथे वक्ता मोठा विषय मांडतो आणि श्रोते ऐकतात. दोन्ही परंपरा आपापल्या जागी योग्य आहेत. व्याख्यानात तयार ज्ञान लोकांपर्यंत जाते, आणि टिपणाच्या बैठकीत कच्चे ज्ञान तपासून निघते.

पडद्यावर येताना आपण वारसा घेतला तो सरसकट व्याख्यानमालेचा. मी पाहिलेल्या एका सत्राचा हिशेब मी घड्याळ लावून ठेवला आहे. एकूण वेळ पन्नास मिनिटे. स्वागत आणि संस्थेची माहिती सहा मिनिटे, वक्त्याचा परिचय सात मिनिटे, ‘आवाज येतोय का’ दोन मिनिटे, व्याख्यान एकतीस मिनिटे, आभार चार मिनिटे. प्रश्नांसाठी काहीच उरले नाही. सूत्रसंचालकांनी वेळेअभावी प्रश्न घेता येणार नसल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. त्या वेळी पडद्याच्या कडेला अकरा प्रश्न येऊन पडले होते. त्यांतले दोन वाचूनच कळत होते की विचारणाऱ्याकडे त्याच विषयाचे, वक्त्याने न पाहिलेले कागद आहेत. सभागृहात अशी माणसे चहाच्या वेळी वक्त्याला गाठतात. पडद्यावर चहा नसतो. ‘सत्र समाप्त’ म्हटले की सगळे एका क्षणात नाहीसे होतात. सभागृहातल्या सभेचे जे अनौपचारिक शेपूट असते ते या प्रकारात मुळातच तुटलेले आहे. माणसे भेटावीत असे वाटत असेल तर ते काम सत्राच्या पोटातच करून घ्यावे लागते, ही या प्रकाराच्या घडणीतली पहिली गोष्ट.

कागद आणि पहिले सत्र

माझा कागद एका स्नेह्यांच्या घरातला. अकरा ओळींची याद. एका व्यवहारातली काही रक्कम पोचली आणि काही राहिली, असा मजकूर. दुसऱ्या ओळीत साल होते, सुहूर सनाचे. मोडी वाचणाऱ्यांना हा प्रकार परिचित आहे, इतरांसाठी थोडक्यात सांगतो. या सनात आकडे अरबी शब्दांत लिहितात आणि लहान आकडा आधी येतो : आधी एकं, मग दहं, मग शे, मग हजार. ‘सीत’ म्हणजे सहा, ‘मया’ म्हणजे शंभर, ‘अलफ’ म्हणजे हजार. हे वर्ष मृग नक्षत्राच्या सुमारास सुरू होते. सुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन येतो, आणि जानेवारी ते मेपर्यंतच्या कागदासाठी ६०० मिळवायचे.

माझ्या कागदात पहिला शब्द ‘सीत’ स्वच्छ होता. शेवटचे ‘मया व अलफ’ स्वच्छ होते. मधल्या शब्दावर शाई पसरली होती. पहिले अक्षर ‘स’, शेवटचे ‘न’, मध्ये दोन अक्षरे डागाखाली, एकावर काना आणि दुसऱ्यावर वेलांटी. मी ‘सलासीन’ वाचले, म्हणजे तीस. साल झाले ११३६, म्हणजे इसवी १७३५-३६. त्या घराण्याची थोरल्या बाजीरावांच्या काळातली नोंद मिळाली म्हणून मी आनंदात होतो. त्यावर लिहायलाही घेतले होते.

लिहिण्याआधी कागद लोकांपुढे ठेवावा म्हणून मी यूट्यूबवर थेट सत्र घेतले. घरातल्या भाच्याने मांडणी करून दिली. वाहिनीवर पहिल्यांदाच थेट प्रक्षेपण करायचे असेल तर ती सोय सुरू व्हायला एक दिवस जाऊ शकतो, हे ऐनवेळी कळले, म्हणून सत्र एक दिवस पुढे ढकलावे लागले. शेवटी ते झाले. एका वेळी साठ-सत्तर जण पाहत होते. मी अकरा ओळी क्रमाने वाचल्या, साल सांगितले, अर्थ लावला. सातव्या ओळीत ‘चांदवडी रुपये’ असा शब्द होता, त्यावर फारसे न थांबता पुढे गेलो. दहाव्या ओळीवर असताना कडेला एक प्रश्न दिसला : ‘चांदवडी रुपये तेव्हा कसे?’ मला वाटले, दर विचारताहेत. मी चलनाच्या बट्ट्याविषयी दोन वाक्ये बोललो आणि शेवटची ओळ संपवली.

रात्री सगळे प्रश्न पुन्हा वाचताना मी थबकलो. ‘तेव्हा’ या शब्दाकडे माझे लक्षच गेले नव्हते. चांदवडी रुपया पाडला होळकरांच्या अमलातल्या चांदवडच्या टांकसाळीने, आणि ते चलन अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. १७३५ साली ते कुठून येणार? मी पुन्हा दुसऱ्या ओळीकडे गेलो. ‘स’, मग कान्याचे अक्षर, मग वेलांटीचे अक्षर, मग ‘न’. ‘सलासीन’ असे आहे. पण ‘समानीन’ हाही शब्द असाच आहे! समानीन म्हणजे ऐंशी. दोन्ही शब्दांत चार अक्षरे, दोन्हींचे आद्य आणि अंत्य अक्षर एक, काना आणि वेलांटीही त्याच जागी. फरक फक्त डागाखालच्या दोन व्यंजनांचा. सीत समानीन मया व अलफ म्हणजे ११८६, इसवी १७८५-८६. थोरले बाजीराव गेले आणि सवाई माधवराव आले. लेखाचे सगळे प्रमेय कोसळले.

प्रश्न विचारणाऱ्याचे फक्त एक टोपणनाव माझ्यापाशी होते. त्यांना गाठण्याचा मार्ग नव्हता.

विलंबाचा हिशेब

मी भलते उत्तर का दिले? दुर्लक्ष हे एक कारण झाले. पण पुढे जे मला शिकायचे होते ते दुसऱ्या कारणात होते. प्रक्षेपणाच्या मंचावर वक्ता बोलतो आणि प्रेक्षकाला ऐकू येते, यांत काही सेकंदांचे अंतर असते. यूट्यूबवर या विलंबाच्या तीन मांडण्या निवडता येतात, सामान्य, कमी आणि अतिकमी. विलंब जितका कमी ठेवाल तितके चित्र मध्येच अडकण्याची शक्यता वाढते. माझ्या सत्रात सामान्य मांडणी होती, कारण निवडायचे असते हेच ठाऊक नव्हते. त्या अंतरात टंकनाचा वेळ मिळवा. बहुतेक प्रेक्षक फोनवर असतात. मराठीत आठ-दहा शब्दांचा प्रश्न जुळवायला पाऊण-एक मिनिट सहज जाते. म्हणजे प्रेक्षकाच्या मनात शंका उठते तेव्हा मी सातव्या ओळीवर असतो, आणि ती माझ्यापुढे येते तेव्हा दहाव्या. संदर्भ मागे राहतो आणि प्रश्न एकटाच पुढे येतो. वक्ता तो प्रश्न आपल्या चालू ओळीला जोडून वाचतो. प्रश्न तुटक असतो तो टंकनाच्या कष्टामुळे, आणि आपण त्याला अडाणी समजतो. अनेक सत्रांत वक्ता आणि श्रोता एकमेकांना चुकवत बोलताना दिसतात, त्याचे हे साधे कारण आहे.

यावरून ‘काही प्रश्न आहेत का?’ या वाक्यानंतरच्या शांततेचाही उलगडा होतो. सूत्रसंचालक दहा सेकंद थांबतात, प्रश्न नाहीत असे समजून आभाराकडे वळतात, आणि आभार चालू असताना प्रश्न येऊ लागतात. श्रोते गप्प नव्हते. त्यांच्यापर्यंत ते वाक्य पोचून उत्तर परत येण्याएवढा अवधीच दिला गेला नव्हता. पडद्यावर एक मिनिटाची शांतता फार लांब वाटते, पण तेवढी द्यावीच लागते. ती रिकामी वाटू नये याची युक्ती मला पुढे सापडली : त्या मिनिटात कागदाच्या त्याच तीन ओळी पुन्हा सावकाश, काहीही भाष्य न करता वाचायच्या. ऐकणाऱ्याला संदर्भ ताजा राहतो आणि लिहिणाऱ्याला वेळ मिळतो.

दुसरे सत्र

दुसऱ्या वेळी मी प्रक्षेपण सोडले आणि बैठकीचा मंच घेतला. हा फरक तांत्रिक वाटतो, पण या प्रकाराच्या दृष्टीने तो मुळातला आहे. प्रक्षेपणात वक्त्याला संख्या दिसते आणि प्रेक्षकाला वक्ता दिसतो. प्रेक्षक एकमेकांना दिसत नाहीत. मोठ्या वेबिनारच्या रचनेतही बहुधा असेच असते. बैठकीत सगळ्यांची नावे सगळ्यांना दिसतात, माणूस बोलून विचारू शकतो आणि विलंब जाणवत नाही. झूमच्या मोफत खात्यावर ४० मिनिटांत बैठक संपते आणि शंभरच जण येऊ शकतात. माझ्या कामाला ही बंधने सोयीचीच ठरली. माझ्या अनुभवात तीस-पस्तीस माणसांपलीकडे बैठकीची सभा होते आणि लोक पुन्हा गप्प होतात.

आमंत्रणात मी विषय म्हणून एकच प्रश्न दिला : ‘दुसऱ्या ओळीतले साल सलासीन की समानीन?’ खाली लिहिले, की मागच्या सत्रात चांदवडी रुपयांविषयी विचारणाऱ्यांनी जरूर यावे. ‘मोडी लिपी : एक समृद्ध वारसा’ असे शीर्षक दिले असते तर चारशे लोकांनी दुरून नमस्कार केला असता. प्रश्न दिला, म्हणून ज्यांना त्याच्याशी झुंजायचे होते तेच आले. नावनोंदणीत नाव आणि गावाखेरीज एकच विचारले : सध्या काय वाचत आहात आणि कुठे अडला आहात? सव्वीस जणांची उत्तरे आली. ती आदल्या रात्री वाचताना मला कळले की तिघे सालाच्याच शब्दांशी अडले होते, एक बाई तंजावरकडचे कागद वाचत होत्या, आणि एकाने लिहिले होते : ‘मोडी येत नाही. नाणी जमवतो.’ चांदवडी रुपयांचे ते गृहस्थ!

कागदाचे चित्र दोन दिवस आधी सगळ्यांना पाठवले. हे करावेच लागते. पडद्यावरून दाखवलेले चित्र जाळ्यातून जाताना दाबले जाते आणि मोडीच्या बारीक रेषा, काने, अनुस्वार पुसट होतात. फोनवर तर पूर्ण पान म्हणजे मुंग्यांची रांग दिसते. म्हणून सत्रात मी एका वेळी दोनच ओळी मोठ्या करून दाखवल्या. प्रत्येक ओळीला समासात क्रमांक दिला आणि वादग्रस्त शब्दाच्या अक्षरांवर १ ते ४ आकडे घातले. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली असली, तरी सामान्य फोनवरून मोडी अक्षर लिहून विचारणे आजही जमत नाही. ‘ते वळण घेतलेले अक्षर’ असे विचारले तर कोणालाच बोध होत नाही. ‘ओळ २, अक्षर ३’ असे म्हटले की सव्वीस जणांची बोटे एकाच जागी जातात.

वेळेची वाटणी अशी केली. स्वागत एक वाक्य. परिचय नाही, तो आमंत्रणात होता. पहिली आठ मिनिटे कागद काय आहे, माझे पहिले वाचन कोणते आणि त्यावर शंका का आली. नंतर दोन-तीन ओळींचा एक टप्पा आणि लगेच प्रश्न, असे तीन टप्पे. शेवटची सात मिनिटे केवळ ‘कोणाकडे यासारखे काय आहे’ यासाठी. प्रश्न मी स्वतः पाहत नव्हतो. एका विद्यार्थिनीने ते काम घेतले. ती प्रश्न विचारणाऱ्याचे नाव आणि गाव घेऊन प्रश्न वाचे, तो कोणत्या ओळीचा ते सांगे आणि अस्पष्ट असेल तर त्याच माणसाला बोलायला सांगे. नाव आणि गाव घेणे हा केवळ शिष्टाचार नाही. त्यामुळेच बाकीच्यांना कळते की साताऱ्यात कोणी हे वाचते आहे, बेळगावात कोणी ते वाचते आहे. ओळख होते ती याच वाक्यांतून. प्रश्नांचा सगळा मजकूर तिने शेवटी जपून ठेवला, कारण बैठक बंद झाली की तो बरोबर जातो.

नाणेसंग्राहकांनी चांदवडच्या रुपयाविषयी पाच मिनिटे सांगितले. मग सालाच्या शब्दाशी अडलेल्या तिघांपैकी एकाने विचारले, ‘ओळ ९ मधला स्वच्छ ‘ला’ कसा लिहिला आहे ते दाखवता का?’ मी दाखवला. या लेखकाच्या हातचा ‘ला’ खाली मोठी गाठ घेतो. डागाखालून जी रेषा बाहेर येत होती ती तशी नव्हती. ‘ओळ ५ मधल्या ‘मा’शी जुळते,’ असे तंजावरचे कागद वाचणाऱ्या बाई म्हणाल्या. एकाच लेखकाची अक्षरे एकमेकांशी ताडून पाहणे ही वाचनाची पहिलीच शिस्त आहे. ती मला ठाऊक होती. माझे मन साल ठरवून बसले होते म्हणून ती पाळली गेली नाही. नाण्याने काळ सुचवला आणि अक्षराने तो पक्का केला. मोडी न येणारा एक माणूस आणि मोडी येणारे दोघे, असे तिघे एका जागी आल्याशिवाय हे घडले नसते.

प्रश्नांची जात

दोन्ही सत्रांतले प्रश्न पुढे ठेवून पाहता त्यांच्या तीन जाती दिसतात. पहिले अक्षराचे : हे काय आहे? त्यांचे उत्तर पडद्यावर दाखवून अर्ध्या मिनिटात देता येते, आणि ते आधी घ्यावेत, कारण त्यांनी बुजलेले लोक मोकळे होतात. दुसरे मेळाचे : हे वाचन खरे असेल तर ते कसे? सत्राचा प्राण या प्रश्नांत आहे. ते थोडे येतात, तुटक येतात, आणि बरेचदा क्षेत्राच्या कडेवर उभ्या असलेल्या माणसाकडून येतात. विचारणाऱ्याला परत बोलते केल्याशिवाय त्यांना हात घालू नये. ‘म्हणजे तुम्हाला काळाविषयी शंका आहे का?’ एवढा प्रतिप्रश्न मी पहिल्या सत्रात केला असता तर हा लेख लिहावा लागला नसता.

तिसरी जात गरजेची : माझ्या घरचा कागद वाचून द्याल का? २०२३ पासून महाराष्ट्रात कुणबी नोंदींच्या शोधासाठी जुनी दप्तरे उघडली गेली, तेव्हापासून हे प्रश्न फार वाढले. त्यांमागची निकड खरी असते. त्यात जमीन असते, दाखला असतो, मुलांचे शिक्षण असते. त्यांना झिडकारणे निर्दयपणाचे आणि सत्रात घेणे धोक्याचे. सर्वांसमोर घाईने वाचलेला एखादा शब्द उद्या कोणाच्या दाव्यात पुरावा म्हणून फिरू शकतो, आणि घरचा कागद अनोळखी लोकांपुढे उघडल्यावर भाऊबंदांत काय होईल हे आपल्याला माहीत नसते. आम्ही आमंत्रणातच लिहिले, की सत्रात फक्त ठरलेला कागद वाचला जाईल. इतर कागदांसाठी वाचकांची यादी नंतर पाठवू. ती पाठवलीही. स्नेह्यांच्या कागदासाठीही मी त्यांची संमती घेतली होती आणि व्यक्तींची नावे असलेल्या दोन ओळी झाकल्या होत्या.

ध्वनिचित्रमुद्रणाचा प्रश्न याच्याशी लागून आहे. वर तांबडा ठिपका दिसला की लोक आपले अज्ञान उघड करायला कचरतात, आणि वाचनाच्या क्षेत्रात अज्ञान उघड केल्याशिवाय एक पाऊल पुढे पडत नाही. आम्ही पहिली आठ मिनिटे मुद्रित केली आणि प्रश्न सुरू होताच मुद्रण बंद केल्याचे सांगितले. त्यानंतर दोन मिनिटांत एक निवृत्त शिक्षक म्हणाले, ‘मला अजून ‘ब’ आणि ‘व’ ओळखताना चुकते.’ मग चौघे-पाचजण तसेच बोलले. मुद्रण नसल्यामुळे न आलेल्यांचे नुकसान होते, हे मान्य. ते भरून काढण्यासाठी पुढचे काम आहे.

सत्रानंतरचे दोन दिवस

सत्र चाळीस मिनिटांचे, पण त्याचे फळ पुढच्या दोन दिवसांत पदरात पडते किंवा वाया जाते. मी सगळ्यांना एक पानाचे टिपण पाठवले. त्यात साल बदलल्याचे लिहिले, कोणत्या शंकेने बदलले ते विचारणाऱ्याच्या नावानिशी लिहिले, आणि वेळेत न घेता आलेल्या चार प्रश्नांची उत्तरे दिली. ज्याची शंका त्याचे नाव, ही जुनी शिस्त आहे, आणि ती पाळली की माणूस पुन्हा येतो. नाव छापण्याआधी प्रत्येकाला विचारले. दोघांनी नको म्हटले. मग मी तिघांना वेगळे पत्र लिहिले : नाणेसंग्राहकांना, तंजावरच्या कागदांच्या बाईंना आणि ‘ला’ दाखवा म्हणणाऱ्या तरुणाला. पत्रात ‘संपर्कात राहू’ असे लिहिले नाही, प्रत्येकाला एक नेमके काम विचारले. बाईंना मी एक पान पाठवले, त्यांनी मला दोन. आता महिन्यातून एकदा आम्ही एकमेकांचे वाचन तपासतो.

अशा सत्राचे मोजमाप काय? उपस्थितीचा आकडा फसवा असतो. माझ्या पहिल्या सत्राचा आकडा दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त होता आणि त्यातून मला एकही माणूस भेटला नाही. मी आता तीन गोष्टी पाहतो. एकाच माणसाने दुसरा प्रश्न विचारला का? कारण पहिला प्रश्न कुतूहलाने येतो आणि दुसरा उत्तर ऐकून. श्रोत्यांपैकी एकाने दुसऱ्याला उत्तर दिले का? आणि सत्रानंतर माझ्या वाचनातला एखादा शब्द बदलला का? तिन्हींची उत्तरे ‘नाही’ आली तर ते व्याख्यान झाले असे समजावे. व्याख्यान वाईट नसते, पण ते घ्यायचे होते तर सरळ घ्यावे.

मर्यादा

हा प्रकार सगळ्या कामांचा नाही. लांब युक्तिवाद त्यात मावत नाही. अकरा ओळींचा कागद मावतो, घराण्याचा इतिहास मावत नाही. ज्यांच्याकडे फोन नाही, किंवा संध्याकाळी घरात स्वतःची पाऊण तासाची शांतता नाही, ते त्यात येत नाहीत, आणि जुने मोडी वाचणारे बरेच जण याच गटातले आहेत. त्यांच्याकडे आजही एस.टी.ने जावे लागते. कागद प्रत्यक्ष हातात धरल्यावर त्याची जात, शाईची खोली आणि डागाची उलटी बाजू कळते, ती पडद्यावर कळत नाही. आमच्या ‘समानीन’वर शेवटचे शिक्कामोर्तबही मूळ कागद उजेडासमोर धरल्यावरच झाले. डागाखालचा ‘मा’ मागून दिसत होता.

तो कागद मी आधीच उजेडासमोर धरायला हवा होता, हे खरे. पण धरावा असे वाटायला कोणाची तरी शंका लागते. मोठ्या सभांत शंकेला शेवटची पाच मिनिटे देतात आणि तीही बहुधा आभारात जातात. छोट्या बैठकीत ती पाच मिनिटे आधी बाजूला काढून मग बाकीचे आखता येते. स्नेह्यांच्या घराण्याची नोंद पन्नास वर्षांनी अलीकडची ठरली, तेव्हा ते थोडे हिरमुसले. मग म्हणाले, ‘निदान आता खरी तरी आहे.’ लेख मी पुन्हा लिहिला. त्यात बाजीराव नाहीत, पण चांदवडी रुपयांवर एक पान आहे, आणि ते पान माझ्या एकट्याचे नाही.